हिरडी कापण्याआधी हाड किती दूर आहे ते विचारा

*डॉक्टर, नमस्कार. माझं वय 26. पाच महिन्यांवर लग्न आलंय. साखरपुड्याचे फोटो बघितले आणि रडूच आलं. हसले की वरच्या हिरड्या भरपूर दिसतात, डावीकडे तर जास्तच, आणि दात दुधाच्या दातांएवढे वाटतात. एका दातांच्या क्लिनिकमध्ये म्हणाले, लेझरने एका बैठकीत हिरड्या कापू आणि वर सहा व्हीनियर, म्हणजे दातांवर चिकटवायच्या पातळ चकत्या, लावू. स्किन क्लिनिकमध्ये बोटॉक्स सुचवलं. ताई म्हणते, आरशासमोर सराव कर, पैसे कशाला घालवतेस. कुणाचं ऐकू?*
*– एक वाचक, सांगली*

तिघांनीही उपाय सांगितला, पण कुणी काही मोजलं असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. खरी अडचण तिथेच आहे. हसताना हिरड्या दिसणं हे लक्षण झालं. त्यामागे दात हिरडीखाली झाकलेले असू शकतात, वरचा ओठ गरजेपेक्षा जास्त वर जात असू शकतो, ओठच आखूड असू शकतो किंवा वरच्या जबड्याचं हाड उंचीला जास्त वाढलेलं असू शकतं. पुष्कळदा यातली दोन कारणं एकत्र असतात. बोटॉक्स ओठावर काम करतं, लेझर हिरडीवर करतो. कारण एक आणि उपाय दुसऱ्यावर, असं झालं की पैसे जातात आणि हसू आहे तिथेच राहतं.

किती हिरडी दिसली तर जास्त म्हणायची? मोकळं हसताना एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसते ती बहुतेकांना छानच वाटते, तरुण वयात तर ते चांगलं दिसतं. साधारण 3-4 मिलिमीटरच्या पुढे गेलं की लोकांना खटकू लागतं. वय वाढतं तसा वरचा ओठ थोडा खाली उतरतो, म्हणून विशीत हिरडी दिसणाऱ्या अनेकींना पन्नाशीत तो प्रश्नच उरत नाही. हे धीर द्यायला सांगत नाहीये. आज किती मिलिमीटर कमी करायचं हे ठरवताना डॉक्टरांनी हा हिशेब करायला हवा. विशीतच सगळी हिरडी झाकून टाकली, तर चाळिशीनंतर हसताना वरचे दातही नीट दिसेनासे होतात.

घरी एक गोष्ट करून बघा. दोन्ही ओठ बाजूला ओढून धरा आणि समोरून, दातांच्या अगदी सरळ रेषेत, ताईला फोटो काढायला सांगा. स्क्रीनवर मोठा करून वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी आणि लांबी मोजा. खरे मिलिमीटर कळायची गरज नाही, प्रमाण पुरतं. रुंदी लांबीच्या साधारण पाऊणपट ते 80 टक्के असेल तर दाताचा आकार ठीक आहे. रुंदी लांबीएवढीच किंवा जास्त भरली, म्हणजे दात चौकोनी दिसला, तर त्याचा बराचसा भाग हिरडीखाली असण्याची शक्यता मोठी. "दुधाच्या दातांएवढे" असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला हीच शंका येते. मात्र दाताची खालची कड बघा. ती झिजून सपाट झाली असेल, रात्री दात खायची सवय असेल, तर दात आखूड दिसण्याचं कारण वेगळं असतं आणि उपायही वेगळा.

दात आला की पुढच्या काही वर्षांत हिरडी हळूहळू वर सरकते आणि दाताचा पूर्ण दर्शनी भाग मोकळा होतो. काहींच्या बाबतीत हे सरकणं मध्येच थांबतं. दात पूर्ण लांबीचाच असतो, फक्त हिरडीचं पांघरूण निघालेलं नसतं. हे सरकणं विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहू शकतं, म्हणून सोळा वर्षांच्या मुलीच्या हिरड्या कापायची मी घाई करत नाही. तुम्ही 26 वर्षांच्या आहात, आता त्या आपोआप सरकतील अशी आशा नको.

आता ज्या मुद्द्यासाठी हे उत्तर लांबवतेय तो. हिरडीची कड आणि तिच्या आतलं हाड यांत साधारण 3 मिलिमीटर अंतर असतं. त्यातले दोनेक मिलिमीटर हिरडी दाताला चिकटलेली असते. शरीराला ही जागा लागतेच. हाडापासून एका मिलिमीटरवर हिरडी कापली, तर शरीर ती जागा परत मिळवतं: काही महिन्यांत हिरडी पुन्हा खाली उतरते, नाहीतर कायम लाल, सुजलेली राहते आणि ब्रश लागला की रक्त येतं. लेझर वापरला म्हणून हा नियम बदलत नाही. लेझर हे फक्त कापायचं हत्यार आहे, त्याने रक्त कमी येतं इतकंच. "लेझरने केलं आणि सहा महिन्यांत होतं तसं झालं" अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या हिरडीखालचं हाड आधी कुणी तपासलेलं नसतं.

एका रुग्ण शिक्षिकेचं उदाहरण देते, ओळख लपवून. तिचं हसू तुमच्यासारखंच: उजवीकडे 4 मिलिमीटर हिरडी दिसायची, डावीकडे 5. ओठ सैल सोडल्यावर नाकाच्या बुडापासून ओठाच्या कडेपर्यंत 21 मिलिमीटर. बायकांमध्ये 20 ते 22 हे नेहमीचं माप, म्हणजे ओठ आखूड नव्हता. ओठ सैल असताना मधल्या दाताची 3 मिलिमीटर कड दिसायची, तेही वयाला साजेसं. जबडा वाढलेला असता तर हा आकडा बराच मोठा आला असता आणि तोंड मिटताना तिला हनुवटी आवळावी लागली असती.

मग दात मोजला. रुंदी 8, दिसणारी लांबी फक्त साडेसात. एक बारीक टोकाचं उपकरण हिरडीच्या आत सरकवलं की दाताचं कवच संपून मूळ सुरू होतं ती कड हाताला जाणवते. तिच्या बाबतीत ती हिरडीच्या कडेपासून अडीच मिलिमीटर आत होती. म्हणजे दात 10 मिलिमीटरचा, त्यातला पाव भाग झाकलेला. अर्धा मिलिमीटर हिरडी कवचावर ठेवायची असते, तेव्हा काढायची 2 मिलिमीटर. इथपर्यंत हिशेब सोपा.

नंतर भूल देऊन मोजपट्टीच्या खुणा असलेली सळई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत घातली. अंतर आलं 3 मिलिमीटर. नुसती हिरडी 2 मिलिमीटर कापली असती तर हाडापर्यंत उरलं असतं एक. म्हणून आम्ही हिरडी कापली, बाजूला सरकवली, हाडाची कड सुमारे 2 मिलिमीटर घासून मागे नेली आणि टाके घातले. हेच अंतर 5 आलं असतं, तर हाडाला हात लावायची गरज नव्हती आणि लेझरची एक बैठक खरंच पुरली असती. म्हणजे तुम्हाला सांगितलेला उपाय बरोबरही असू शकतो. तो बरोबर आहे की नाही हे ठरवणारा आकडा मात्र कुणीतरी काढायला हवा. काही ठिकाणी यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन करतात, तेही चालतं.

आणखी एक पाहावं लागतं. दाताला घट्ट चिकटलेली, फिकट गुलाबी, जाड हिरडी असते आणि तिच्या वर हलणारी लालसर त्वचा. कापून झाल्यावरही घट्ट हिरडीचा दोन-तीन मिलिमीटर पट्टा शिल्लक राहायला हवा. मुळातच तो अरुंद असेल तर कापायचं नाही, हिरडी अख्खी वर सरकवून शिवायची. दोन दातांमधल्या टोकदार हिरडीला हात लावू द्यायचा नाही. ती गेली की दातांमध्ये काळी त्रिकोणी फट राहते आणि ती परत भरणं फार अवघड.

टाके आठवड्या-दहा दिवसांनी काढले. दोन-तीन दिवस सूज होती, जेवण मऊ आणि गार. हिरडीची कड बसायला तीनेक महिने लागतात आणि हाडाचं काम झालं असेल तर समोरच्या दातांवर व्हीनियर किंवा कॅप बसवण्याआधी मी सहा महिने थांबते. आज व्हीनियरची कड हिरडीला बरोबर टेकवली आणि उद्या हिरडी अर्धा मिलिमीटर हलली, तर ती रेष हसताना दिसते. त्या शिक्षिकेचे दात साडेनऊ मिलिमीटर झाले, प्रमाण बरं आलं, तिने व्हीनियर घेतलेच नाहीत. तुमचेही दात रंगाने, आकाराने चांगले असतील आणि फक्त झाकलेले असतील, तर सहा निरोगी दातांचं कवच घासायचं कारण मला दिसत नाही. घासलेलं कवच परत येत नाही आणि व्हीनियर जन्मभर टिकत नाहीत, बदलावे लागतात.

डावीकडच्या जास्तीकडे वळते. हिरडी कापल्यावर त्या शिक्षिकेच्या हसण्यात उजवीकडे 2 आणि डावीकडे 3 मिलिमीटर हिरडी उरली. फरक होता तेवढाच राहिला, कारण तो हिरडीत नव्हता, ओठात होता. ओठ सैल असल्यापासून पूर्ण हसेपर्यंत किती वर जातो ते मोजतात, 6 ते 8 मिलिमीटर हे सर्वसाधारण. तिचा उजवीकडे साडेआठ आणि डावीकडे साडेनऊ जायचा.

तुमचं कोणतं, हे ओळखायला दोन गोष्टी करा. ओठ ओढून काढलेल्या त्याच फोटोत दोन्ही सुळ्यांवरच्या हिरडीची उंची सारखी आहे का बघा. मग एक लांब पेन्सिल आडवी, सुळ्यांच्या मागच्या दातांमध्ये दोन्हीकडे धरा आणि आरशात ती डोळ्यांच्या रेषेला समांतर दिसते का बघा. पेन्सिल तिरकी असेल तर जबड्याचा किंवा दातांच्या ओळीचा कल आहे आणि तो ओठावरच्या इंजेक्शनने जाणार नाही. पेन्सिल सरळ, हिरड्या सारख्या आणि तरी हसल्यावर एका बाजूला जास्त दिसतं, तर ओठाचे स्नायू असमान चालतात. बहुतेकांचे थोडे असमान असतातच. हे तिरपेपण नवं असेल, डोळा पूर्ण मिटत नसेल, गाल भरल्यावर वारा सुटत असेल, तर मात्र दातांच्या डॉक्टरकडे नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

स्नायूंसाठी ताईचा सराव आणि बोटॉक्स, दोन्ही वाटा खऱ्या आहेत. आधी सराव, कारण तो फुकट आहे आणि त्याची मर्यादा कळली तर त्रागा होत नाही. आरशासमोर हळूहळू हसा आणि ओठाची कड हिरडीच्या रेषेला टेकली की थांबा. तिथे दहा सेकंद धरा, सैल सोडा, पुन्हा. ओठाचा मधला भाग वर खेचायचा नाही, कोपरे बाजूला न्यायचे. जबडा आवळू नका, दात किंचित सुटे ठेवा. डावी बाजू वर पळत असेल तर डाव्या नाकपुडीशेजारी बोट अलगद टेकवा आणि उजवा कोपरा आधी उचला, बोटाखाली स्नायू केव्हा ओढला जातो ते कळायला लागेल. चार दिवसांनी डोळे मिटून तेच हसू आणा, मग डोळे उघडून पडताळा. आरसा नसताना ओठ कुठे आहे हे कळणं, हाच खरा सराव.

यातून फोटोसाठीचं हसू बऱ्यापैकी ताब्यात येतं. विनोदावर फुटणारं हसू येत नाही. मुद्दाम केलेलं हसू आणि आपोआप आलेलं हसू यांचे आदेश मेंदूच्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. अर्धांगवायूच्या काही रुग्णांना सांगून ओठ उचलता येत नाही, पण नातवाला बघून ते सरळ हसतात, ते यामुळेच. हळदीच्या दिवशी मैत्रिणींनी चिडवलं की ओठ जायचा तिथे जाणारच. आणि सरावाने झाकलेला दात मोठा होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

बोटॉक्स ओठ वर ओढणाऱ्या स्नायूंची ताकद तात्पुरती कमी करतं. नाकपुडीच्या बाहेर साधारण एक सेंटिमीटरवर, जिथे हे स्नायू एकमेकांजवळ येतात, तिथे प्रत्येक बाजूला दोन-तीन युनिट एवढीच मात्रा पुरते. तीन-चार दिवसांत सैलपणा जाणवू लागतो, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो आणि तीन ते सहा महिन्यांत उतरतो. तुमच्यासारख्या असमान ओठाला याचा खास उपयोग, कारण डावीकडे मात्रा किंचित जास्त देता येते. पण तिथेच ते बिघडतंही. मात्रा चुकली किंवा सुई चुकीच्या स्नायूत गेली तर ओठ खाली लोंबतो, हसू उलट्या बाजूला तिरकं होतं, स्ट्रॉने पिताना आणि प-ब-म म्हणताना ओठ नीट मिटत नाहीत. हे कायमचं नसतं, पण उतारा देऊन लगेच काढताही येत नाही, काही आठवडे काढावे लागतात. म्हणून सुरुवात कमी मात्रेने करणारा डॉक्टर निवडा, दोन आठवड्यांनी बघून लागलं तर भर घालणारा. कुपी तुमच्यासमोर उघडावी, नाव आणि बॅच नंबर कागदावर लिहून द्यावा. पार्लरमध्ये हे काम करून घेऊ नका. गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजत असताना बोटॉक्स देत नाहीत, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तरीही नाही.

ओठ कायमचा थोडा खाली बांधून ठेवायची शस्त्रक्रियाही आहे, 1973 मध्ये ती पहिल्यांदा मांडली गेली. वरच्या ओठाच्या आतली एक पट्टी काढून शिवतात, म्हणजे ओठ फार वर जाऊ शकत नाही. काहींचा ओठ पुढे पुन्हा पहिल्या जागी येऊ लागतो, त्यामुळे आधी बोटॉक्स करून तसं हसू स्वतःला आवडतंय का ते बघितल्याशिवाय मी कुणाला तिकडे पाठवत नाही. जबड्याचं हाडच वाढलेलं असेल तर तारा आणि जबड्याची मोठी शस्त्रक्रिया लागते, पूर्ण भूल देऊन. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही आणि पाच महिन्यांत ते होणारही नाही.

तेव्हा पाच महिन्यांचा हिशेब असा. या आठवड्यात ओठ ओढलेले फोटो काढा आणि मनापासून हसतानाचा एक व्हिडिओ घ्या, पोज दिलेला नको. ते घेऊन हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे पीरिओडॉन्टिस्टकडे जा. ब्रश करताना रक्त येत असेल तर आधी क्लीनिंग करून चार-सहा आठवडे सूज उतरू द्या, सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप खोटं असतं. फिटसाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर ते सांगा, या औषधांनीही हिरडी वाढते. पण मनाने गोळी बंद करू नका.

डॉक्टरांना तीन आकडे विचारा: दात किती झाकलेला आहे, हिरडीच्या कडेपासून हाड किती दूर आहे, ओठ किती वर जातो. हाडाचा आकडा न काढता लेझरची तारीख द्यायला निघाले तर दुसरं मत घ्या. हिरडीचं काम ठरलं तर ते लग्नाआधी किमान तीन महिने उरकलेलं हवं, म्हणजे तुमच्या हातात निर्णयासाठी जेमतेम दोन महिने आहेत. त्यात क्लीनिंगचे आठवडे गेले तर आणखी कमी. तेवढ्यात जमत नसेल तर लग्नानंतर करा आणि आत्ता फक्त बोटॉक्स घ्या. तेही लग्नाच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा नको, सहा आठवडे आधी, म्हणजे कमी-जास्त झालं तर सुधारायला वेळ राहतो.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ताईने काढलंच आहे. खाजगीत हिरडीचं काम बहुधा दातागणिक आणि बोटॉक्स युनिटवर लावतात, त्यामुळे किती दात आणि किती युनिट हे लेखी घ्या. सहा व्हीनियरच्या पॅकेजमध्ये हिरडीचं काम "फ्री" असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ हिरडीचा वेगळा विचार झालेला नाही, असा मी घेते. पैशांची ओढाताण असेल तर मुंबईला सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथला पीरिओ विभाग ही शस्त्रक्रिया खाजगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात करतो. रांगेत वेळ जातो आणि काम शिकाऊ एमडीएस डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात. सांगलीहून दोन-तीन फेऱ्या धरून चला: एक तपासणीची, एक शस्त्रक्रियेची, एक टाके काढायची. टाके काढायचं काम तिथल्या चिठ्ठीवर सांगलीतला डॉक्टरही करू शकेल, आधी फोन करून विचारा.